आबांनी पुसलेले कॉल

नांदेडच्या दवाखान्यातून नर्सच्या नोकरीचा कॉल येणार होता. आठवडा सरला तरी आला नाही. मी रोज वडलांना विचारायची, "आबा, कुणाचा कॉल?" आबा मान न वळवता म्हणायचे, "न्हाई बा."

स्मार्टफोन घरात एकच, माझा. दिवसा मी निलंग्यात शिवणक्लासला जाई, तेव्हा तो आबांकडे असे, सोयाबीनचे भाव बघायला. त्यांचा स्वतःचा साधा बटनांचा फोन.

शेवटी मीच दवाखान्यात फोन लावला. तिथल्या महामाया मॅडम वैतागून म्हणाल्या, "अहो तनुजा, व्हॉट्सॲपवर तीनदा कॉल केला. माझ्या फोनमध्ये दिसतोय ना! संध्याकाळपर्यंत या, नाहीतर जागा दुसरीला जाईल."

मी व्हॉट्सॲपची कॉलची यादी उघडली. ती सगळीच रिकामी होती. काल मी मैत्रिणीला केलेला कॉलसुद्धा गायब. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग मॅडमचं चॅट शोधलं. सुप्रभातवाल्या ग्रुपांच्या ढिगाखाली ते दबलं होतं. आत मिस्ड कॉलच्या तीन ओळी, तारखांसकट.

माझं डोकंच फिरलं. फोन आबांपुढे धरला.

"आबा, यादी कुणी पुसली?"

"मेमरी भरली हुती. म्हनून सगळं साफ केलं."

"यादी साफ झाली. चॅटमधलं तसंच हाय. अन् मॅडमच्या फोनातलं कसं पुसनार हुता?"

आबा खाली बघत म्हणाले, "लई लांब हाय नांदेड. इथंच ऱ्हा की. तू गेल्यावर घरात कोन हाय?"

आई जाऊन वर्ष झालं होतं. मला भडभडून आलं, पण राग त्याहून मोठा होता. "लांब हाय, तर तसं तोंडावर म्हनायचं. मी भांडले असते. पन हे?"

पिशवीत दोन ड्रेस, सर्टिफिकेटं कोंबली आणि स्टँड गाठलं. बस लातूर ओलांडून गेली तशी आबांच्या बटनांच्या फोनवरून कॉल आला. मी उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा नाही उचलला. संताप ओसरत नव्हता.

महामाया मॅडमच्या टेबलावर सही केली तेव्हा दिवस मावळायला आला होता. बाहेर येऊन फोन बघितला. साध्या कॉलच्या यादीत वरून खाली एकच नाव: आबा, आबा, आबा. सगळं पुसायचं बटन अंगठ्याखालीच होतं. मी ते दाबलं नाही. त्यांना कॉल लावला.

"पोचलीस?"

"हाव. सही झाली."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले.

"आबा, तुमचे कॉल म्या पुसले न्हाईत."

त्यांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"पुसू बी नको," ते म्हणाले. "अन् आधी जेव."