तिप्पट चिमण्या

संस्थेत तिला सगळे आकडेबाई म्हणत. हौशी लोक पक्ष्यांच्या नोंदी पाठवत आणि त्यांतून काही अर्थ निघतो का, हे पाहणं तिचं काम. निघायचा कमी आणि काढला जायचा जास्त, असं तिचं मत होतं.

संचालकांनी त्या सोमवारी भिंतीवर आलेख झळकवला. शहरातल्या चिमण्यांची रेघ जिन्यासारखी वर चढत होती.

"तिप्पट!" संचालक म्हणाले. "उद्या वर्तमानपत्रांना देऊन टाकू."

"साहेब, या चिमण्या नाहीत, चिमण्यांच्या नोंदी आहेत," आकडेबाई म्हणाली. "आपण चिमणी-स्पर्धा घेतली, बक्षिसं लावली. ज्याच्या खिडकीत चिमणी आली त्याने फोटोसकट पाठवली. ज्याच्या आली नाही, तो कशाला पाठवेल? वाढले ते मोजणारे."

"मग तुमच्या पद्धतीने करा," संचालक हसले. "पण रेघ चढतीच राहणार."

तिने स्पर्धेचे आठवडे वगळले. दिसलेला आणि ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहिल्याची खूण असलेल्या पूर्ण याद्याच घेतल्या, कारण अशाच यादीत चिमणी नसेल तर ती तिथे दिसली नाही असं म्हणता येतं. पाच मिनिटांची यादी आणि चार तासांची यादी एका तराजूत घालायची नाही, म्हणून वेळ आणि चाललेलं अंतर हिशेबात धरलं. तळ्याकाठी सगळे गर्दी करतात, गिरणीमागच्या वस्तीत कुत्रं फिरकत नाही. म्हणून शहराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून आठवड्याला एकच यादी चिठ्ठी टाकून उचलली.

रेघ तरीही चढली.

"बघा!" संचालक म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

तिने चहा तसाच ठेवला. ती जागेवर परतली आणि तिने जुन्या वर्षांच्या याद्या कोणाच्या ते पाहिलं. बहुतेक एकाच माणसाच्या होत्या. शहरातला पहिला पक्षीनिरीक्षक, मानपत्रांचा धनी, तिचा सख्खा मामा. मामाच्या त्या पूर्ण याद्यांत ससाणे होते, गरुड होते, वाट चुकून आलेले परदेशी पाहुणे होते. चिमणी नव्हती. कावळा नव्हता. कबूतरही नव्हतं! भर बाजारपेठेतल्या फेरीत एकही कबूतर न दिसणारा माणूस एक तर आंधळा असतो, नाहीतर मामा असतो.

संध्याकाळी ती त्याच्याकडे गेली. मामा गॅलरीत दुर्बिणीच्या काचा पुसत होता.

"मामा, तू चिमण्या का लिहीत नव्हतास?"

"चिमण्या?" मामाने तोंड वाकडं केलं. "अगं, त्या काय लिहायच्या? उद्या माश्या लिही म्हणशील."

"मग सगळे पक्षी लिहिले अशी खूण का केलीस?"

"लिहिण्यासारखे सगळे लिहिले होते." मग त्याचा आवाज चढला. "तुझा पाळणा हलवत होतो तेव्हापासून मी पक्षी बघतोय. आता तू माझ्या याद्या तपासणार?"

"तुझे गरुड खरे आहेत, मामा. ते तसेच राहतील. पण तुझ्या न लिहिण्याला मी 'चिमणी नव्हती' असं समजत होते. ते आता समजणार नाही."

"म्हणजे मी खोटारडा?"

मामी पाणी घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून तशीच आत गेली.

तिने मामाच्या याद्यांवरची 'पूर्ण' ही खूण काढून पुन्हा गणित मांडलं. कोण किती बारकाईने बघतो हा फरकही धरला. चढती रेघ आडवी झाली. जुन्या वर्षांत आता इतक्या थोड्या याद्या उरल्या की रेघेभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा रस्त्याएवढा रुंद झाला. गिरणीमागच्या चौकोनांबद्दल तर काहीच सांगता येईना. मामाला चिमणी क्षुद्र, तशी इतरांना ती वस्ती.

"म्हणजे वाढल्या की घटल्या?" संचालकांनी विचारलं.

"माहीत नाही. एवढ्या नोंदींवरून कळत नाही."

"'माहीत नाही' छापायला मी वर्तमानपत्रवाल्यांना बोलावू?"

"नका बोलावू."

त्यांनी बोलावलंच. 'चिमण्यांची संख्या टिकवण्यात संस्थेला यश' असा मथळा आला. रेघ छापली होती, पट्टा पुसला होता. संस्थेच्या संकेतस्थळावरही तेच चढलं. तिथे खाली आभारांत आकडेबाईचं नाव पाहून तिने संचालकांना चार ओळींचं पत्र धाडलं, की नाव काढा किंवा पट्टा परत घाला. दुसऱ्या दिवशी नाव निघालं.

मामाचा फोन आला तो त्याच दुपारी. कित्येक दिवसांनी.

"तुझ्या साहेबाने छापलंय ते खरं आहे का गं?"

"नाही."

"वाटलंच मला. गाढव आहे तो," मामा म्हणाला. तिला हसू फुटलं. पण पुढे मामा म्हणाला, "चिमण्यांसाठी एवढा कागद फुकट घालवतं का कोणी?" आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी ती स्वतःच गिरणीमागे गेली. तासभर फिरली, दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिला, कावळे आणि कबुतरंसुद्धा. चिमणी दिसली नाही. एका यादीने काही सिद्ध होत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिने खूण केली आणि यादी पाठवून दिली.