सलामाआधीचा प्रश्न

शुक्रवारी दुपारी अब्बा अकोल्याच्या घरात जेवणाच्या टेबलामागे उभे राहून भाषणाचा सराव करत होते. मी समोर घड्याळ घेऊन बसले होते. अम्मी जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"माह्या शेंगा सोलून झाल्या," ती म्हणाली, "यांचे आभार काही सरत नाहीत."

अब्बा हसले आणि कागद खाली ठेवला.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागात काढली. शास्त्रज्ञांना जे सापडतं ते शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणं, हे त्यांचं काम. घडीपत्रकं लिहायची, मेळावे घ्यायचे, बांधावर उभं राहून सल्ला द्यायचा. निवृत्तीला तीन वर्षं झाल्यावर राज्यभरातल्या विस्तार तज्ज्ञांच्या परिषदेत बीजभाषणासाठी त्यांना पहिल्यांदाच बोलावलं होतं. साल २००६. विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या चालू होत्या; कापसावर बोलायला कोणाचीच जीभ वळत नव्हती, अशी ती वर्षं. ते भाषण चांगलं व्हावं, ही त्यांची फार इच्छा होती. एरवी मला कधी काही न मागणाऱ्या माणसाने फोन करून बोलावून घेतलं होतं, कारण मी अमरावतीच्या कॉलेजात संवादकौशल्य शिकवते.

"पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक सर्वांत जास्त लक्ष देतात," मी म्हणाले. "आणि ते तुम्ही सलाम, नमस्कार आणि आभारात घालवताय. थेट प्रश्न विचारा. हात वर करायला सांगा. सभागृह जागं होतं."

"सलामाच्या आधी कलाम, सलाम न करताच बोलणं, बेटा? लोक मला म्हणतील, या नईमले रीतच नाही."

"लोक लक्षात ठेवतील."

त्यांनी थोडा विचार केला. "मग विचारतो, आज बसने किती जण आले? नांदगावकडचा रस्ता कसा आहे ते तरी कळेल."

मी हसले. त्या हसण्याची आज लाज वाटते. वर्गात मी स्वतःच शिकवते की पहिला प्रश्न सोपा हवा, उत्तर देणाऱ्याला काही गमवावं लागू नये. पण मला ते भाषण गाजायला हवं होतं. मी त्यांचा कागद ओढला, आभाराच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या, अध्यक्ष महोदय, संयोजक महोदय, आणि पानभर तिरपी रेघ मारली. वर लिहिलं: 'आपण शेतकऱ्याला दिलेला सल्ला चुकला होता, असं इथे किती जणांना वाटतं? हात वर करा.'

अब्बांनी ते दोनदा वाचलं.

"हे जड आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच. आणि आधी तुमचा हात वर करा. म्हणजे बाकीचे करतात."

"तू शिकवतेस, तर तुझंच खरं." ते पुन्हा टेबलामागे गेले. अम्मीने शेंगांचं सूप उचललं. संध्याकाळी आम्ही तुरीच्या दाण्यांची आमटी खाल्ली. अब्बांनी रेडिओवर बाजारभाव ऐकले, नेहमीसारखे, नेहमीच्या खुर्चीत. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

शनिवारी विद्यापीठाच्या सभागृहात मी अकराव्या रांगेत बसले. उद्घाटन झालं, दीप लागला, अब्बांना शाल आणि स्मृतिचिन्ह दिलं. मग त्यांचं नाव पुकारलं. आधीचा वक्ता उंच होता, त्यामुळे माइक वर होता. समोरची मंडळी अजून पुष्पगुच्छ खुर्चीखाली ठेवत होती. अब्बा थेट बोलले, आणि प्रश्नाचा अर्धा भाग हवेतच गेला. नमस्कार कशासाठी असतो, ते मला तेव्हा कळलं. तो हरवला तरी चालतो. तेवढ्यात माइक खाली येतो, खुर्च्या थांबतात, लोकांच्या कानाला आवाज ओळखीचा होतो.

त्यांनी माइक खाली ओढला आणि प्रश्न पुन्हा विचारला. यावेळी तो सगळ्यांना ऐकू गेला. मग त्यांनी स्वतःचा हात वर केला.

कोणीच हात वर केला नाही. पहिल्या रांगेत अधिकारी बसले होते. ते आपल्या चुकीसाठी हात कशाला वर करतील? आणि त्यांनी केला नाही तर मागचा कोण करील? माना खाली गेल्या. कोणी खोकलं. मी शिकवते की प्रश्न विचारल्यावर थांबावं, शांततेला घाबरू नये. अब्बा माझं ऐकून थांबले. दहा सेकंद, कदाचित पंधरा. बारीक चणीचा एक म्हातारा माणूस, अंगावर नवी शाल, एक हात वर.

मी हात वर केला नाही. मनात म्हटलं, मी कुठे तज्ज्ञ आहे, प्रश्न मला नाही.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि भाषण वाचलं. ठीक वाचलं. चहाच्या वेळी अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही तर आमची तोंडी परीक्षाच घेतली!" बाजूचा कोणी पुटपुटला, "अन् साधा नमस्कारही नाही."

ऑटोत अब्बा म्हणाले, "लोक लाजले, बेटा. मी त्यांना लाजवायला नव्हतो गेलो."

"विषय चांगला मांडलात," मी म्हणाले, आणि चारची अमरावतीची बस पकडली. सोमवारी फोनवर त्यांनी विचारलं, मूर्तिजापूरला बस थांबली होती का, काही खाल्लंस का. भाषणाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

मंगळवारी पहाटे ते गेले. हृदयाचा त्रास जुनाच होता, दोन-चार दिवसांचा नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते मानते. तरी मधले ते तीन दिवस माझेच होते, आणि मी ते फुकट घालवले.

आठ दिवसांनी विभागातल्या नत्थुजींचा निरोप आला. अब्बा निवृत्त होईपर्यंत प्रत्येक मेळाव्यात खुर्च्या मांडणारे ते नत्थुजी. सरांची शाल आणि स्मृतिचिन्ह सभागृहातच राहिलं, म्हणाले. मी घ्यायला गेले. त्यांनी सभागृहाचं कुलूप काढून पिशवी हातात दिली. पिशवीत शाल होती, लाकडी स्मृतिचिन्ह होतं आणि माझी रेघ मारलेलं ते पान.

मी अकराव्या रांगेत बसून ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. अध्यक्ष, संयोजक, ड्रायव्हर, नत्थुजी. आणि तळाशी:

'शेवटी नांदगाव खंडेश्वरच्या जयवंताबाईंचे आभार. माझं घडीपत्रक वाचून त्यांनी कापसावर त्यात सांगितलेल्या एकाच औषधाच्या आठ फवारण्या केल्या. तोवर बोंडअळी त्या औषधाला दाद देईनाशी झाली होती. त्यांनी मला बोलावून शेत दाखवलं. शिवी दिली नाही, चहा दिला. मी चुकलो होतो, हे मला तिथे कळलं. पुढचं सगळं भाषण त्यांनीच शिकवलेलं आहे.'

म्हणजे जे मी प्रश्न करून लोकांच्या गळ्यात टाकलं, ते त्यांनी आभारात स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. हे ऐकून कदाचित दोन-चार हात आपणहून वर आले असते.

नत्थुजी मंचावरचं टेबल पुसत होते. "ताई, त्या दिवशी माहा हात अर्धा वर गेलता," ते म्हणाले. "सरांसंगं ते पत्रकं मीच गावोगाव वाटले. पन समोर सायेब लोक बसलेले. मंग घेतला खाली. लय वाईट वाटते आता."

मी कागद मांडीवर ठेवला आणि हात वर केला.

"काही इचारायचं हाये का, ताई?"

"विचारायचं नाही, नत्थुजी. सरांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं."

त्यांचा हात टेबलावर थांबला. मी उभी राहिले, आणि माइकशिवाय मंचापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"सलाम, अब्बा. मी दिलेला सल्ला चुकला होता. आणि त्या दिवशी तुम्ही एकटेच उभे होतात, तेव्हा मी इथेच बसले होते."