त्या किमतीच्या खाली

दुपारी दुकानात शिरलेल्या माणसाने काउंटरवर रुमालाची गाठ सोडली आणि त्यातलं कानाचं मशीन माझ्यापुढे सरकवलं. पायाखाली आलं होतं. कवच फुटून आतल्या तारा बाहेर लोंबत होत्या. "हेच पाहिजे," तो मोठ्याने म्हणाला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "समोरच्या दुकानात घेतलं होतं. त्याच भावात द्या."

तो एका गोदामावर रखवालदार होता. साहेबांनी त्याला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. फाटकावर गाडीचा हॉर्न ऐकू न येणारा रखवालदार त्यांना नको होता, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही.

मी किंमत सांगितली. त्याला ऐकू आली नाही, म्हणून कागदावर लिहून दाखवली. त्याचा चेहरा उतरला.

समोरचं दुकान म्हणजे माझ्या धाकट्या दिराचं. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. एकेकाळी त्या दुकानाने मला नाकी नऊ आणले होते. आमच्याकडे आवाजबंद खोली, तपासणीचं यंत्र, आणि तपासणारी मी. गिऱ्हाईक आत बसायचं, मी एकेक सूर हळू करत न्यायची, कुठपर्यंत ऐकू येतं ते कागदावर उतरवायची, चार मशीनं कानात घालून दाखवायची. मग तो कागद खिशात घालून स्वारी रस्ता ओलांडायची आणि दिराकडून तेच मशीन स्वस्तात घ्यायची. दिराकडे खोली नाही, यंत्र नाही, त्यामुळे त्याला स्वस्त देणं परवडायचं. वर मशीन शिट्टी मारायला लागलं की माणूस परत माझ्याकडेच, जरा सेटिंग बघता का म्हणून! डोक्यात तिडीक जायची. तपासणीचे पैसे लावून पाहिले, तर लोक दारातूनच मागे फिरायला लागले. तपासणी फुकटच असते असं सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं.

शेवटी माझा नवरा आणि गावातले बाकीचे दुकानदार कंपनीच्या साहेबांना भेटले. असंच चाललं तर आम्ही खोल्या बंद करू, मग तुमची मशीनं कानात नीट बसवणार कोण, असं त्यांनी साफ सांगितलं. कंपनीने नियम काढला की अमुक किमतीच्या खाली कोणी विकायचं नाही, विकलं तर माल बंद. फुकट बॅटऱ्या, जुन्याच्या बदल्यात सूट, हेही खाली विकणंच धरलं जाईल. त्या दिवशी घरी मी गोड केलं होतं, कशाला लपवू.

आणि नियमाचा उपयोगही झाला. सगळीकडे एकच भाव म्हटल्यावर लोक जिथे नीट तपासतात तिथेच घ्यायला लागले. आम्ही नवं यंत्र घेतलं, हाताखाली एक शिकलेली मुलगी ठेवली. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मशीन बसवून द्यायला लागलो.

दिराला मात्र ते जमलं नाही. त्याचं गिऱ्हाईक वेगळं होतं. वर्षानुवर्षं मशीन वापरणारी, आपल्या ऐकण्याचा आकडा पाठ असलेली माणसं. त्यांना खोली नको, तपासणी नको, जुन्यासारखंच नवं पाहिजे आणि परवडणारं पाहिजे. असंच एक दिवस एकजण आला, आईला ऐकू येत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणलं, आणि दिराने किंमत उतरवली. तो कंपनीनेच पाठवलेला माणूस होता. माल बंद झाला. दिराने दादाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, येऊन कंपनीत शब्द टाकायला सांगितलं. दादाने हात वर केले. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही, आणि रस्ता तर एवढासा.

पुढे दुसऱ्या दोन कंपन्यांनीही तसेच नियम काढले, म्हणजे स्वस्त म्हणून दुसरीकडे बघायची सोय उरली नाही. मग आमचंही हळूहळू बदललं. ती मुलगी आम्ही काढून टाकली. "आता गिऱ्हाईक जाणार कुठे?" असं नवरा म्हणाला होता, हसत. म्हाताऱ्यांच्या घरी जाणं बंद झालं. तपासणी मी उरकायला लागले. समोर दीर होता तेव्हा मी त्याला शिव्या घालायची, पण त्याच्या धाकानेच हात नीट चालायचा, हे मला फार उशिरा कळलं.

रखवालदार अजून उभाच होता. त्याने आणलेले पैसे काउंटरवर ठेवले होते. दिराच्या जुन्या किमतीला ते पुरले असते. खरेदीच्या भावावर आम्हालाही चार पैसे सुटले असते. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मला आत बोलावलं.

"कंपनीचा असला तर?" तो म्हणाला.

"अहो, तोंडावरून दिसतंय की."

"समोरच्यालाही तोंडावरूनच दिसलं होतं."

म्हणून मी रखवालदाराला खोलीत बसवलं. त्याला वाटलं, नवं मशीन लावणार आहेत. आनंदाने बसला. खोटं बोलणारा माणूस मला दोन मिनिटांत कळतो. तोच सूर पुन्हा दिला की त्याचं उत्तर बदलतं. आणि ऐकू येत नाही म्हणत असतो, त्याहून खालच्या आवाजात "झालं, उठा आता" म्हटलं की तो उठतो.

मी सूर दिले. उत्तरं दोन्ही वेळा तीच आली. मग हळूच म्हटलं, "झालं, उठा आता." तो समोरच्या भिंतीकडे बघत, बटणावर अंगठा ठेवून बसून राहिला, पुढच्या सुराची वाट बघत. कान खरोखर गेलेले होते.

मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खरा असला तरी गोदामावर चार जणांना सांगणारच, कुठे स्वस्त मिळालं ते. ते कंपनीच्या साहेबाच्या कानावर जाणार. दुकान घालवायचंय का?"

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण तो बरोबर बोलत होता.

रखवालदाराला मी समोर बसवून, ओठ नीट हलवत, सांगता येण्यासारखं सगळं सांगितलं. तपासणी फुकट करू, सेटिंग फुकट करू, कधीही या, बिघडलं तर पुन्हा लावून देऊ. किंमत मात्र तीच.

"ताई," तो म्हणाला, "हे सगळं मला नकोय. मला मशीन पाहिजे."

मी नाही म्हणून मान हलवली.

त्याने पैसे गोळा केले. फुटलेलं मशीन पुन्हा रुमालात बांधलं. मग आतल्या खोलीकडे बोट करून विचारलं, "मग तपासलंत कशाला?"

तो पायऱ्या उतरला. मी दारात आले. एकच मशीन, बिल न करता, कोणाला कळणार होतं? मी हाक मारली, "काका, थांबा." पुन्हा मारली, मोठ्याने. समोरच्या दुकानातून दिराने मान वर करून पाहिलं.

रखवालदार चालत राहिला. माझी हाक त्याला ऐकू जाणार नाही, हे मी नुकतंच माझ्या हाताने कागदावर उतरवलं होतं. धावले असते तर कोपऱ्याच्या आत गाठला असता. मी धावले नाही.