छेदणारे वक्र

आमच्या अर्थशास्त्र विभागात आम्ही चार प्राध्यापक मोडक्या बाकावर बसून घाम पुसतो. पंखे आणि खुर्च्यांसाठी अनुदान आलं, पण विभागप्रमुख सरांचा निर्णय काही होईना. शेवटी वैतागून मी फळ्यावर बजेट रेषा काढली. पंख्याची किंमत दोन खुर्च्यांएवढी. त्यामुळे एक पंखा आणि चार खुर्च्याही परवडत होत्या, दोन पंखे आणि दोन खुर्च्याही.

“सर, काय घ्यायचं?”

“मला दोन्ही सारखंच.”

मी ते दोन बिंदू जोडणारा समवृत्ती वक्र काढला, म्हणजे सारख्याच समाधानाची रेघ.

चहा पोटात गेल्यावर सरांचा सूर बदलला. “दोन पंखे, दोन खुर्च्या म्हणजे एक पंखा आणि पाच खुर्च्यांएवढंच समाधान.”

मी दुसरा वक्र काढला. तो पहिल्याला छेदून गेला.

तासावरून परतल्यावर सर फळ्यासमोर थबकले. “हे कुठल्या गाढवाने काढलं? एका पंख्यासोबत चार खुर्च्या काय नि पाच काय, समाधान तेवढंच? समवृत्ती वक्र एकमेकांना कधीच छेदत नाहीत! असा ग्राहक जगात नसतो!”

“असतो, सर. सकाळपासून त्याच्याच आवडी मी काढतेय.”

सर शांतपणे फळा पुसून वळले आणि खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत, एकुलत्या एका पंख्याखाली जाऊन बसले.