शंभर-शंभरचे चार पेपर

प्रीतीने राजीनामा टेबलावर ठेवला, तेव्हा अप्पाराव सोयाबीनचे अंकुर मोजत होते. जालन्याच्या बियाणे कंपनीत उगवण चाचणीची प्रयोगशाळा ते बावीस वर्षं सांभाळत आले होते. प्रीती त्यांच्या हाताखाली चार वर्षं होती आणि तिचं मोजणं एकदाही चुकलं नव्हतं. असं माणूस जातंय म्हटल्यावर त्यांनी मोजणं थांबवलं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. प्रीतीला विक्रीकर निरीक्षक व्हायचं होतं. संयुक्त पूर्वपरीक्षेत दोनदा कटऑफ हुकला, दुसऱ्यांदा तर साडेतीन मार्कांनी. हसनाबादहून आई, कौसल्याबाई, रोज फोनवर एकच सांगायच्या, की नोकरी सोड आणि पुण्याला जा, अर्ध्या मनाने काही होत नसतं. प्रीतीजवळ एक लाख साठ हजार जमले होते. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला तेरा हजार म्हटले, तर पैसे वर्षभर पुरणार, म्हणजे एकच प्रयत्न. तो फसला तर नोकरीही गेली आणि गाठीचंही गेलं.

अप्पारावांनी कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये सरकवला.

"बियाण्याचा लॉट पास करायच्या आधी काय करतो आपण?" त्यांनी विचारलं.

"शंभर-शंभर दाण्यांच्या चार चाचण्या."

"मंग हे बिनचाचणीचं कसं पेरून राह्यली तू?"

पूर्वपरीक्षेचा पेपरही शंभर प्रश्नांचाच असतो, हे प्रीतीच्या डोक्यात त्याच वेळी आलं असावं. तिने दुसऱ्या दिवशी बिनपगारी महिन्याची रजा मागितली. मात्र रजेवर जाण्याआधी नोकरी करता करता घड्याळ लावून चार सराव पेपर सोडवले, रजेत दिवसभर अभ्यास करून आणखी चार. पोरगी हुशार होतीच, पण अप्पारावांना खरं कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीचं.

महिन्याने ती आली ती तक्ता घेऊन. प्रयोगशाळेत जसे निरोगी, विकृत, कडक, मेलेले असे दाणे वेगळे करतात, तशा तिने आपल्या चुका वेगळ्या केल्या होत्या. नोकरीतली सरासरी एकावन्न मार्क, रजेतली त्रेपन्न. महिनाभर दिवसरात्र घासून दोनच मार्क!

"माहीत न्हाई म्हणून चुकलेले कमी झाले, सर. पण हे बघा." तिने बोट ठेवलं. "उत्तर येत असून चुकलेले. तेव्हाबी अकरा, आत्ताबी अकरा. चुकीचं विधान कोणतं असं विचारलंय, अन् मी घाईत बरोबर विधानावर खूण करून आल्ते."

एकेका चुकीमागे मिळायचा मार्क तर जातोच, वर पाव मार्क कापला जातो. म्हणजे पावणेचौदा मार्क नुसत्या घाईपायी वाहून जात होते. पुण्याला वर्षभर राहूनही ही गळती तशीच राहिली असती.

ती परत कामाला लागली. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून अर्ध्या तासात पन्नास प्रश्न सोडवायची, आधी प्रश्नातल्या 'चूक' किंवा 'अयोग्य' शब्दाखाली रेघ मारायची, मग पर्याय वाचायची. बाकीचे हसायचे. अप्पाराव तिच्या टेबलाकडे कुणाला फिरकू देत नसत.

पूर्वपरीक्षेचा निकाल लागला तेव्हा प्रीती कटऑफच्या आठ मार्क वर होती. प्रयोगशाळेत पेढे वाटून झाले, सगळे आपापल्या कामाला लागले, आणि ती अप्पारावांसमोर दुसरा तक्ता घेऊन उभी राहिली. मुख्य परीक्षेचेही तिने चार पेपर सोडवून पाहिले होते.

"इथं वाचायची चूक न्हाईच, सर. माहितीच कमी पडून राह्यली. इथं तासच पाहिजेत." तिने तक्त्याखालचा हिशोब दाखवला. "परीक्षेला चार महिने आहेत. बावन्न हजार जातील. न्हाई जमलं तरी लाखाच्या वर उरतील."

अप्पारावांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. माणूस स्वतःला इतकं निर्दयपणे मोजू शकतं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी तेही शाळेतली मास्तरकी सोडून परीक्षेसाठी औरंगाबादला गेले होते. तिथे चार वर्षं गेली, हाती काही लागलं नाही, आणि ही गोष्ट त्यांनी इथे कुणालाच सांगितली नव्हती. आज सांगितली.

"तुम्ही तेव्हा चाचणी केल्ती का, सर?"

"एकबी न्हाई. आख्खं पोतं पेरून मोकळा झाल्तो."

मग त्यांनी ड्रॉवर उघडला, तिचा जुना राजीनामा काढून तिच्यापुढे ठेवला आणि खिशातला पेन दिला.

"आता तारीख टाक," ते म्हणाले. "लॉट पास आहे."