आजीचे डोळे, पाचव्यांदा

"नाही. ही माझी आई नाही."

आत्याबाईंनी चौथ्यांदा तेच वाक्य म्हटलं आणि कागद टेबलावर पालथा घातला. समोर बसलेल्या भिंगवालीने ओठ घट्ट मिटून घेतले. तिचं खरं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. जुने फोटो दुरुस्त करण्याचं तिचं दुकान बोळाच्या तोंडाशी होतं, जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढं, आणि गळ्यात कायम भिंग लटकलेलं. म्हणून ती भिंगवाली.

"आत्याबाई, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात हनुवटी जड झाली. मी फोटोला लावून पाहिली, केसाचाही फरक नव्हता. तरी तुमच्या शब्दाखातर परत केली. त्याआधी म्हणालात जबड्याजवळची सुरकुती गेली. ती आणली. आता काय राहिलं?"

"जबडा म्हणू नकोस तिच्या तोंडाला."

"बरं. तोंडाजवळची."

"तोंड बरोबर आहे. नाक बरोबर आहे. बाबा तर अगदी डिट्टो. पण आई नाही."

"आत्या, पुरे आता," भिंतीला टेकून उभा असलेला त्यांचा भाचा म्हणाला. तो वकील होता आणि घरातही तारीख पडल्यासारखाच बोलायचा. "अल्बमवाल्याला शुक्रवारी घराण्याच्या अल्बमची पानं द्यायची आहेत. पहिलं पान आजी-आजोबांचं. बाकीची बत्तीस पानं तयार आहेत. एका पानासाठी घोडं अडलंय."

"मग बत्तीस पानांचाच छाप."

"असं कसं? पहिलं पान कोरं ठेवू?"

"परकी बाई बसवण्यापेक्षा कोरं बरं." आत्याबाईंनी काठी दोन्ही हातांत धरली. "हे बघ, तिला डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटी उरले. दादा गेला, ताई गेली. मी गेले की जे त्या पानावर असेल तीच माझी आई. शंभर वर्षं पोरं तिलाच आजी म्हणतील. म्हणून सांगते, नीट कर."

वकिलाने घड्याळ पाहिलं. भिंगवालीने "उद्या बघते" म्हटलं आणि दोघांना रस्त्यापर्यंत सोडून आली.

परत येऊन तिने खुर्चीत अंग टाकलं. सतरा दिवस झाले होते. मूळ फोटो पोस्टकार्डाएवढा. उभे आजोबा, खुर्चीत आजी. सगळा फोटो पिवळट तपकिरी पडलेला, कडा तर पार उडालेल्या. वरच्या कोपऱ्यातून एक लांब ओरखडा निघाला होता तो आजोबांच्या खांद्यावरून उतरून आजीच्या चेहऱ्यातून, डाव्या बाजूच्या डोळ्यावरून थेट खुर्चीच्या हातापर्यंत. शिवाय घडीची एक रेघ.

काम तिने नेहमीसारखं नेटकं केलं होतं. फोटो एकदा सरळ स्कॅन केला, मग उलटा फिरवून पुन्हा एकदा. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो, त्यामुळे घडीच्या रेघेची सावली एकदा या अंगाला पडते, एकदा त्या अंगाला. दोन्ही स्कॅन एकमेकांवर ठेवले की सावली बरीचशी मरते. मग कृष्णधवल करून काळ्या-पांढऱ्याला जोर दिला. आणि मग आठ दिवस मान मोडून ओरखडा बुजवला. शेजारचा चांगला कण उचलायचा, फाटक्या जागी ठेवायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. गोधडी शिवावी तसं. डाव्या डोळ्याचं मात्र फार नुकसान झालं होतं, म्हणून उजवा डोळा उचलून, आरशासारखा उलटवून तिथे बसवला होता. प्रकाश एकाच बाजूचा असतो हे लक्षात ठेवून त्यातला चमकणारा ठिपकाही तिने हलवून योग्य जागी आणला होता. इतकी काळजी! आणि म्हणे आई नाही.

"म्हातारीची सटकली आहे," ती भिंतीला म्हणाली. लगेच स्वतःचाच राग आला. सटकलेली माणसं नाक, हनुवटी, सुरकुती अशी एकेक गोष्ट बरोबर सांगत नाहीत. आत्याबाई अडतात त्या चेहऱ्यातल्या एकाच गोष्टीपाशी, आणि ती गोष्ट त्यांना सांगता येत नाही.

तोंड बरोबर. नाक बरोबर. मग उरलं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं उघडून, चहासुद्धा न पिता, भिंगवालीने पहिल्या दिवसाचा स्कॅन उघडला. कृष्णधवल करण्याआधीचा. काळा-पांढरा फोटोसुद्धा ती रंगीतच स्कॅन करायची, कारण पिवळे डाग रंगातच वेगळे ओळखू येतात. डाग काढून झाले की मग ती तो स्कॅन बाजूला ठेवून देई आणि पुन्हा बघत नसे. इथेच ती चुकली होती.

तिने आजीचा चेहरा मोठा केला. गाल तपकिरी. केस तपकिरी. आजोबांच्या कोटाची काळी बटणंसुद्धा कॉफीच्या रंगाची झालेली. आणि आजीचे डोळे? काळेभोर. जराशी निळी झाक असलेले.

सगळा फोटो विटला आणि डोळे तेवढे विटले नाहीत. असं कसं होईल?

तिने पाकिटातून मूळ फोटो काढला, दिव्याची मान अगदी खाली वाकवली आणि फोटो डोळ्यांच्या पातळीत तिरपा धरला. कागदाचा पृष्ठभाग गुळगुळीत चकाकत होता. फक्त आजीच्या डोळ्यांच्या जागी दोन बारीक, मंद ठिपके होते, चकाकी नसलेले. रंग. कोणीतरी कुंचल्याने वरून लावलेला रंग.

मग तिने भिंग ओरखड्यावर नेलं. बाकी सगळीकडे ओरखडा पांढरा होता, कागदापर्यंत खरवडलेला. पण डोळ्यावर तो फिकट तपकिरी होता. तिथे खाली फोटो शाबूत होता, फक्त वरचा रंग टवका होऊन उडाला होता. आणि त्या टवक्याखाली बुबुळ नव्हतं. गुळगुळीत पापणी होती, आणि तिच्या खालच्या कडेला पापणीच्या केसांची झुकलेली एक बारीक ओळ.

आजीचे डोळे मिटलेले होते.

"अरे देवा," भिंगवाली म्हणाली आणि कपाळाला हात लावला. पूर्वी फोटोत कोणाचे डोळे मिटले तर स्टुडिओतला कारागीर वरून उघडे डोळे रंगवून द्यायचा, हे तिला चांगलं माहीत होतं. इतरांच्या फोटोंत तिने ते शोधूनही काढलं होतं. इथे मात्र सगळ्या फोटोत जी एकच जागा खरं सांगत होती, ती तिनेच पहिल्या आठवड्यात जीव ओतून बुजवली होती. वर त्या कारागिराने रंगवलेला दुसरा डोळा उलटवून बसवला होता!

दुपारी आत्या-भाचा दोघे आले. तिने आत्याबाईंच्या हातात भिंग दिलं आणि दिवा वाकवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मिटलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"हसू आलं की तिचे मिटायचे. पार मिटायचे. बाबा चिडवायचे, म्हणायचे हिला हसवून कोणीही घर लुटून नेईल."

"हसतेय कुठे आत्या?" वकील पुढे वाकला. "तोंड बघ. केवढी करारी. आपल्या घरात आजीची जरब प्रसिद्ध आहे."

"तुझ्या आजीची जरब कोणी पाहिली? तू?"

"फोटोत दिसतेच की!"

आत्याबाईंनी पुढे होऊन करंगळी आणि अंगठा संगणकाच्या पडद्यावर मोठ्या केलेल्या आजीच्या दोन्ही डोळ्यांवर धरले. "आता फक्त तोंड बघ."

वकिलाने पाहिलं. त्या रागीट डोळ्यांखाली जे घट्ट मिटलेले ओठ वाटत होते, ते आता काहीतरी दाबून धरणारे ओठ दिसायला लागले. गालही वर आलेले होते. हसू आवरत नसलेल्या बाईचे.

"लहानपणी मी जेवणघरात जायला घाबरायचो," तो हळूच म्हणाला. "हा फोटो तिथे होता. मला वाटायचं, ताटात टाकलेलं आजी बघतेय."

"आजी नाही रे. पेंटर बघत होता."

भिंगवालीला हसू फुटलं. वकिलाला नाही. त्याचा चेहरा फसवणुकीचा दावा दाखल करायला निघाल्यासारखा झाला होता. "पण पहिल्या पानावर मिटलेले डोळे? सगळे विचारतील फोटो बिघडला का म्हणून. साठ माणसं आजीला याच डोळ्यांनी ओळखतात."

"मग साठ जणांना ओळख करून देऊ. चुकीच्या बाईला नमस्कार करतायत इतकी वर्षं."

"आत्या, शुक्रवार..."

"शुक्रवार पुढच्या आठवड्यातही येतो."

त्याने दोन्ही हात हवेत उडवले, फोन काढला आणि अल्बमवाल्याची समजूत घालायला बोळात गेला. बाहेरून त्याचा आवाज येत राहिला. "नाही हो, कारण काय सांगू... डोळे... अहो, डोळे मिटायचेत..."

आत भिंगवालीची खरी अडचण आता सुरू झाली. "आत्याबाई, ऐका. डाव्या पापणीची एवढीशी चकती मला दिसतेय, तांदळाच्या कणीएवढी. बाकी रंगाखाली आहे. मूळ फोटोवरचा रंग मी पुसणार नाही. कापसाचा ओला बोळा लागला तर खालचा थर फुगेल आणि आहे तेही जाईल. म्हणजे उजवी पापणी मला काढावी लागेल. मनाने. मग माझ्यात आणि त्या पेंटरमध्ये फरक काय?"

आत्याबाईंनी काठी टेबलाला लावून ठेवली आणि खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

"त्याने तिला पाहिली होती, पण कोणाला विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तू विचार."

भिंगवालीने आठ दिवसांच्या कामाचा थर पडद्यावरून लपवला. ओरखडा पुन्हा आजीच्या चेहऱ्यावर आला, पांढरा, जसाच्या तसा. मग त्या तांदळाच्या कणीपासून तिने पापणीची कड सावकाश पुढे नेली. एक केस. दुसरा. खालचा फुगवटा. उजव्या बाजूला आल्यावर तिने गालाच्या चढावरून अंदाज घेतला, हात आखडता ठेवून फिकट करड्या रंगाने पापणी उतरवली. तास गेला. वकील दोनदा आत डोकावला, दोनदा उसासा टाकून बाहेर गेला.

"झालं," भिंगवाली म्हणाली.

आत्याबाई पुढे वाकल्या. नाक जवळजवळ पडद्याला टेकलं.

"उजवा एवढा नाही मिटायचा," त्या म्हणाल्या. "त्यातून ती थोडंसं बघत राहायची. समोरचाही हसतोय की नाही ते."

भिंगवालीने मोठा श्वास घेतला. उजवी पापणी पुसली.

"किती थोडंसं?" तिने विचारलं. "दाखवा बरं करून."

आणि ऐंशी वर्षांच्या आत्याबाई तिच्याकडे तोंड करून बसल्या, ओठ घट्ट दाबले आणि डोळे मिटू लागल्या.