पडद्यावर दिसलेली ओळ

आबांनी फाइलमधल्या बदलांचा इतिहास सहाव्यांदा उघडला आणि सहाव्यांदाही त्यात ती ओळ नव्हती.

ऑफिसात ज्याने पन्नाशी ओलांडली तो आबा, असा तिथला कायदा. हे बावन्नचे. रक्तपेढ्यांच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम त्यांच्या हातचा. फ्रिजमधलं तापमान सहा अंशांच्या वर गेलं की अलार्म वाजलाच पाहिजे, एवढं साधं काम. काल एका रुग्णालयात तापमान अकरावर गेलं आणि अलार्म वाजलाच नाही. सकाळी तिथल्या तंत्रज्ञाने दार उघडलं तेव्हा बेचाळीस पिशव्या कोमट झालेल्या होत्या. सगळ्या फेकाव्या लागल्या. कोणी दगावलं नाही ते नशीब.

"मी तापमान तपासणारी ओळ लिहिली होती," आबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी पाहिली. कोणीतरी पुसलीय."

"आबा, पुसली असती तर इतिहासात दिसली असती," टीमची प्रमुख म्हणाली. ती त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ऑफिस तिला ताई म्हणे आणि आबाही तेच म्हणत. "ही ओळ कधी लिहिलीच गेली नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं मी म्हटलं का?" तिने कपाळ चोळलं. "तुम्ही सांगितलंत तपासणी टाकलीय. मी कोड नीट न वाचता मंजुरी दिली. म्हटलं, आबांनी केलंय, आता काय बघायचं! चाचणीवाल्यांनी फ्रिज गरम करायला दार उघडं ठेवलं. तेव्हा वाजला तो दाराचा अलार्म, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन वाजता वर अहवाल द्यायचाय. मंजुरी माझी, नाव माझं."

ती निघून गेली. हिची नोकरी जाणार, आणि कशापायी, तर आबांच्या शब्दापायी. ओळ लिहिली होती हे तर त्यांना लख्ख आठवत होतं. मग डोक्यातच बिघाड झाला की काय? डोळ्यांत झालेला होताच. पण तो फक्त त्यांना, बायकोला आणि डॉक्टरांना ठाऊक होता.

दीड वर्षापासून त्यांना फिकट रंग दिसेनासे झाले होते. पांढऱ्यावरचं करडं तर पार नाहीसं व्हायचं. "ऑफिसात सांगून टाका," बायको रोज म्हणे. "पोरीचं शिक्षण संपू दे," हे रोज म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती झाकता झाकता माणूस अर्धा होतो. अक्षरं मोठी करून, रंग गडद करून, सगळ्यांआधी ऑफिस गाठून ते दिवस ढकलत होते.

एक वाजला. सगळे जेवायला गेले. आबांनी एक कोरी फाइल उघडली. त्या दिवशी काय केलं ते पहिल्यापासून करून पाहायचं, दुसरं सुचतच नव्हतं. फंक्शनचं नाव टाइप केलं, तापमान वाचण्याची ओळ लिहिली, एंटर दाबलं.

आणि ती ओळ आली! तापमान मर्यादेपेक्षा जास्त असेल तर अलार्म वाजव. अगदी तीच, त्यांनी एकही अक्षर न लिहिता. बोट सवयीने खालच्या बाणावर गेलं, कर्सर एक ओळ खाली सरकला आणि ओळ नाहीशी झाली.

आबा खुर्चीत थिजले.

कोड लिहायच्या एडिटरमध्ये एक एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडलेलं मदतनीस, होतं. तुम्ही लिहायला लागलात की पुढचं काय येईल याचा अंदाज बांधून ते कर्सरपुढे करड्या अक्षरांत दाखवायचं. टॅब दाबला तरच ते फाइलमध्ये उतरतं. एस्केप दाबा, कर्सर हलवा, की गेलं. ते करडं आहे म्हणूनच माणसाला कळतं की हे अजून आपलं नाही. आबांना करडं दिसेना, म्हणून त्यांनीच सेटिंगमध्ये जाऊन त्याला खऱ्या कोडचा गडद रंग दिला होता. स्वतःच्याच हाताने! त्या दिवशी ओळ पडद्यावर पाहिली, लिहून झाली असं धरलं, टॅब न दाबताच फाइल सेव्ह केली आणि ताईला सांगून मोकळे झाले.

आता गप्प बसलं तर कोणालाही कळणार नव्हतं. सेटिंग बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ताई तरुण आहे, तिला दुसरीकडे मिळेल, असाही एक विचार येऊन गेला. त्या विचाराची त्यांना इतकी किळस आली की ते उठून उभेच राहिले.

ताई जिन्याजवळ डबा न उघडताच बसली होती. "ताई, जरा चला. दाखवायचंय."

तिला खुर्चीत बसवून त्यांनी पुन्हा तेच केलं. ओळ आली. "ही लिहिलेली आहे की नाही?"

"आहे की."

त्यांनी खालचा बाण दाबला. ताई पडद्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "पण रंग असा का? करडा असतो ना?"

"मला करडा दिसत नाही." आबा म्हणाले. "दीड वर्ष झालं. लपवलं मी."

"आबा, सांगायचं होतं हो," एवढंच ती म्हणाली. त्यात राग होता आणि तो बरोबरच होता.

मग ताईने खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. "आधी दुरुस्ती. तुम्ही लिहा, मी वाचते." तिने रंग पूर्ववत केला आणि एक्स्टेंशनची सूचना आपोआप येणं बंद केलं. आता शॉर्टकट दाबून मागितली तरच येणार. आबांनी मागितली. त्यांच्यासाठी कर्सरपुढची जागा कोरीच राहिली.

"आलीय," ताई म्हणाली. "टॅब नको. कंट्रोल धरून उजवा बाण. एकेक शब्द घ्या."

त्यांनी दाबलं. कोऱ्या जागेतून एक शब्द गडद होऊन उभा राहिला. जो दिसतो तो फाइलमध्ये आहे, एवढं आता नक्की होतं. पुन्हा दाबलं. 'तापमान' आलं. पुन्हा. 'पेक्षा जास्त'चं चिन्ह आलं.

"थांबा!" ताईने त्यांचा हात धरला. "पुढे आठ आहे. रक्ताला सहा हवं."

त्या दिवशी टॅब दाबला असता तरी चूकच झाली असती, फक्त वेगळी. गडद केलेल्या रंगातही त्यांच्या डोळ्यांनी त्या आठाचा सहा वाचला होता. त्यांनी स्वतः सहा टाइप केला, उरलेली ओळही स्वतःच लिहिली आणि ताईने अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं.

अडीचला दुरुस्ती रुग्णालयात पोचली. तंत्रज्ञाने सेन्सर बाहेर काढून फ्रिजचं दार पुन्हा लावलं, म्हणजे दाराचा अलार्म मध्ये यायला नको, आणि सेन्सर मुठीत धरला. फोनवर काही क्षण नुसती घरघर. मग अलार्म असा कर्कश वाजला की ताईने फोन कानापासून लांब केला आणि आबांनी डोळे मिटून घेतले.

पावणेतीन. ताईने अहवाल उघडला. 'जबाबदार' या रकान्यात तिचं नाव आधीच होतं. तिने ते खोडलं नाही. "वाचायला हवं होतं मी, तेवढं माझंच," म्हणाली. त्याखालचा 'कारण' हा रकाना रिकामा होता. तिने कीबोर्ड आबांपुढे सरकवला.

कर्सर लुकलुकत होता. इथे पुढचा शब्द सुचवणारं कोणी नव्हतं. आबांनी पडद्याला नाक लावलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: माझी नजर अधू झाली आहे. मी ते सर्वांपासून लपवलं.

"दिसतंय का नीट?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय, आबा," ती म्हणाली. "सेव्ह करा."

त्यांनी सेव्ह केलं. मग फाइल बंद करून पुन्हा उघडली आणि दोन्ही वाक्यं तिथेच आहेत ना, हे ताईकडून वाचून घेतलं.